मदत हवी आहे: साहेबांना आभाराचा मेल, आज संध्याकाळपर्यंत

खरेदी_विभाग
आईच्या आजारपणात आमच्या साहेबांनी रजेच्या बाबतीत बरीच सवलत दिली. त्यांना आभाराचा मेल पाठवायचा आहे. रडगाणं नको, पण कोरडाही नको. नेटवरचे नमुने सगळे छापील वाटतात. कोणी तयार मजकूर देईल का? आजच पाठवायचा आहे, त्यामुळे जरा लवकर.

गोदाकाठ
सवलत म्हणजे नक्की काय? सलग रजा, अर्ध्या दिवसाच्या रजा, की उशिरा यायची मुभा? मेल मराठीत की इंग्रजीत? आई आता कशा आहेत? आणि आजच का?

खरेदी_विभाग
अहो, मजकूर मागितला तर एवढे प्रश्न! आई बरी आहे. मेल कसाही चालेल, साहेब मराठीच आहेत. बाकीच्याचा मजकुराशी काय संबंध?

निवृत्त_लेखनिक
अर्जाची पद्धत अशी. वर उजवीकडे दिनांक, डावीकडे 'प्रति, मा. महोदय', विषयात रजेचा प्रकार आणि कालावधी, खाली आपला विश्वासू. केंद्राच्या १९७२ च्या रजा नियमांप्रमाणे वर्षाला ३० दिवस अर्जित, २० दिवस अर्धवेतनी, ८ दिवस नैमित्तिक आणि २ दिवस वैकल्पिक सुट्टी मिळते. ती आईवडिलांच्या सेवेसाठीही घेता येते. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे.

गोदाकाठ
काका, रजा मिळून गेली आहे. हे खाजगी कंपनीतले दिसतात आणि त्यांना अर्ज नाही, आभार लिहायचे आहेत.

निवृत्त_लेखनिक
मग मौखिक पुरेसे. लेखी आभाराची पद्धत आमच्याकडे नव्हती.

सरळसोट
मुळात आभार कसले? रजा खात्यात होती, ती घेतली. साहेबांच्या खिशातून काय गेलं? असे मेल पाठवून आपणच हक्काला मेहरबानी करून टाकतो.

आस्थापना_टेबल
सरळसोट, अर्धं बरोबर. रजेचे दिवस खात्यातले, त्याचे आभार मानू नयेत. 'रजा मंजूर केल्याबद्दल आभार' हे वाक्य म्हणूनच पोकळ वाटतं. पण त्या रजेचे तुकडे करू देणं, मीटिंगची वेळ हलवणं, पंचिंग उशिरा झालं तर लेट मार्क रेग्युलराइज करणं हे कुठल्याही नियमात सक्तीचं नसतं. ते साहेबांनी आपल्या अखत्यारीत केलेलं असतं, आणि त्यासाठी वर उत्तर द्यावं लागलं तर तेच देतात. आभार त्याचे मानायचे. म्हणूनच गोदाकाठने पहिला प्रश्न तो विचारला. खरेदी_विभाग, त्यांनी काय काय केलं ते नेमकं लिहा. त्यातलेच एक-दोन तपशील मेलमध्ये येतील आणि मग तो छापील वाटणार नाही.

खरेदी_विभाग
बरं. नाशिकला पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत खरेदीत आहे. उपचाराच्या आठवड्यात बाराला यायचो, आठपर्यंत थांबायचो. सकाळची सप्लायर मीटिंग सरांनी चारला नेली. लेट मार्क तेच काढायचे. मी असा मसुदा केलाय, बघा:

"आदरणीय सर, माझ्या आईच्या कॅन्सरच्या केमोच्या सहा सायकल आता पूर्ण झाल्या. दर २१ दिवसांनी मला सकाळी येता यायचं नाही आणि त्यानंतरचे चार दिवस तिला फार त्रास व्हायचा, तेव्हा तुम्ही मला समजून घेतलंत. तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. माझ्यामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. आता सगळं ठीक आहे. यापुढे रविवारी बोलावलंत तरी हजर राहीन. पुढच्या महिन्यात स्कॅन आहे, त्या दिवशी सुट्टी मिळावी ही विनंती."

आस्थापना_टेबल
भावना खरी आहे, पण एका मेलमध्ये पाच कामं घातली आहेत. एकेक सोडवू.

आजाराचं नाव, सायकल, २१ दिवस हे सगळं काढा. नुसतं नाव काढून भागत नाही, वेळापत्रकही बोलतं. 'दर २१ दिवसांनी' वाचलं की ज्याच्या घरात हे होऊन गेलंय त्याला लगेच कळतं. 'सोम-बुध-शुक्र सकाळी' लिहिलं की डायलिसिस कळतं. 'उपचारांच्या काळात' एवढं पुरे. सरांना तोंडी सगळं माहीत असेल, पण मेल पुढे कोणाला फॉरवर्ड होईल ते तुमच्या हातात नाही.

'उपकार' आणि 'रविवारी हजर' दोन्ही काढा. पहिलं वाचून सरांना अवघडल्यासारखं होईल. दुसरं लेखी आश्वासन आहे, आणि दोन महिन्यांनी कोणीतरी त्याची आठवण करून देईल.

'गैरसोयीबद्दल क्षमस्व'ने तुम्ही काही चुकीचं केलं असा सूर लागतो. त्याऐवजी त्या सवलतीमुळे कुठलं काम वेळेत झालं ते सांगा. वर कोणी विचारलंच तर सरांना तेच उपयोगी पडेल.

स्कॅनची रजा या मेलमध्ये मागू नका. आभाराच्या शेवटी मागणी आली की आधीचे सगळे आभार तिची प्रस्तावना वाटतात. तिचा अर्ज नेहमीप्रमाणे सिस्टिममध्ये टाका.

गोदाकाठ
'आता सगळं ठीक आहे' हेही खटकतं. स्कॅन अजून व्हायचं आहे. असं लिहिलंत आणि पुढे पुन्हा दवाखाना लागला, तर 'ठीक झालं होतं ना?' असा प्रश्न येईल. 'मुख्य उपचार संपले' एवढंच म्हणा.

पेढेवाला
मेल वगैरे सोडा हो. अर्धा किलो पेढे न्या, केबिनमध्ये ठेवा, दोन शब्द बोला. आपल्याकडे हेच चालतं. मेल म्हणजे परकेपणा.

सरळसोट
पेढे नेले की सगळा मजला विचारणार कशाचे. मग आजाराचं सांगा, नाहीतर खोटं बोला.

गोदाकाठ
शिवाय ते खरेदीत आहेत. त्या खात्यात मिठाईच्या डब्याकडे आधीच सगळ्यांचं लक्ष असतं.

पेढेवाला
बरं, मग चहा पाजा.

खरेदी_विभाग
चहाचे पैसे सरच देतात, ते जाऊ द्या. सुधारलेला मजकूर कोणी लिहून देणार आहे का? चार वाजलेत.

आस्थापना_टेबल
हा घ्या. जिथे तुमचे शब्द वेगळे असतील तिथे बदला.

विषय: आभार

सर,

गेले काही महिने आईच्या उपचारांसाठी मला सकाळचा वेळ लागत होता. तुम्ही बाराला यायची मुभा दिलीत आणि सप्लायर मीटिंग चारला नेलीत. त्यामुळे मला तिच्याजवळ थांबता आलं आणि महिनाअखेरची बिलंही अडली नाहीत. दर वेळी कारण सांगायला लागलं नाही, याचा मोठा आधार वाटला. मनापासून आभार.

मुख्य उपचार आता संपले आहेत. सोमवारपासून नेहमीच्या वेळेला येतो आहे. पुढे तपासणीसाठी एखादा दिवस लागला तर आधी कळवीन.

यात लेट मार्कचा उल्लेख मुद्दाम केलेला नाही. ते मेलवर आणायची गोष्ट नाही. आणि 'बिलं अडली नाहीत' हे खरं असेल तरच ठेवा.

खरेदी_विभाग
बिलं खरंच अडली नाहीत. पण माझं जीआरएनचं, म्हणजे आलेल्या मालाच्या नोंदीचं काम दोघं जण बघत होते, त्यांची नावं घालू का?

आस्थापना_टेबल
नको, त्यांना स्वतः भेटून सांगा. सरांच्या मेलमध्ये नावं आली की तो कामाचा अहवाल होतो. मग तिसऱ्याचं नाव राहिलं म्हणून तो रुसतो.

कॉर्पोरेट_कट्टा
मेल छान, पण प्लांट हेडना सीसीमध्ये ठेवा. साहेबाचं कौतुक वरपर्यंत पोचलं पाहिजे, खरे आभार तेच. एचआरलाही ठेवा.

आस्थापना_टेबल
इथे नाही. बाराला यायची मुभा लेखी मंजूर होती की तोंडी? तोंडी असेल तर सीसी म्हणजे सरांची तक्रारच. एचआरने पंचिंगचे आकडे आणि हा मेल शेजारी ठेवले की पहिला प्रश्न 'लेट मार्क कोणी काढले?' हाच येणार.

खरेदी_विभाग
तोंडीच होती.

कॉर्पोरेट_कट्टा
चांगल्या साहेबाला लपवून ठेवायचं का मग? आमच्याकडे असे मेल टाऊनहॉलमध्ये वाचून दाखवतात.

गोदाकाठ
त्यांच्या आईचा आजार टाऊनहॉलमध्ये? वाचून दाखवण्याच्या भीतीनेच माणूस मोजून लिहितो. सरांचं नाव वर जायचं असेल तर त्यांनाच विचारा, 'वर सांगितलेलं चालेल का?' नाही म्हणाले तर विषय संपला.

आणखी एक. रजेच्या जुन्या मेलवर रिप्लाय करू नका. रिप्लायमध्ये अटॅचमेंट जात नाही, पण खालचा सगळा मजकूर जातो. त्यात कधी दवाखान्याचं नाव, वॉर्ड, तारखा लिहिल्या असतील तर त्या मेलच्या शेपटाला लागून फिरतात. नवा मेल काढा.

खरेदी_विभाग
पहिल्या अर्जात तर मी सगळंच लिहिलं होतं. नवाच काढतो. आजच का, ते राहिलं: सोमवारी सेल्फ अप्रेझलचे फॉर्म उघडतात. नंतर पाठवला तर मस्का वाटेल म्हणून घाई.

सरळसोट
आधी पाठवला तरी मस्काच वाटेल. उलट जास्त. रेटिंग लागल्यावर पाठवा, तेव्हा कोणी काही म्हणणार नाही.

आस्थापना_टेबल
रेटिंग लागायला दोन-तीन महिने जातात. तोवर हे आभार शिळे होतात, आणि रेटिंग कमी आलं तर तुमच्या हातून मेल जाणारच नाही. सोमवारपासून नेहमीच्या वेळेला येणार, म्हणून आज लिहिताय, याला स्वाभाविक कारण आहे. ते मेलमध्ये आहेच. फक्त अप्रेझल फॉर्ममध्ये 'घरच्या अडचणी असूनही' असलं काही लिहू नका. तिथे फक्त काम.

सरळसोट
मला पटत नाही. आज तोंडी सांगा, मेल नंतर.

गोदाकाठ
तोंडी आणि मेल दोन्ही करायचं असेल तर आधी तोंडी, दोन मिनिटं. सर घाईत असतील तर दारातच. मग मेल वाचताना धक्का बसत नाही आणि उत्तर द्यायचं दडपणही येत नाही.

प्रीमियम_भरून_थकलो
धागा वाचून एक विचारतो. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आईवडील घातले तर त्याचा प्रीमियम पगारातून कापतात. तो ८०डी मध्ये धरता येतो का?

निवृत्त_लेखनिक
आमच्या वेळी वैद्यकीय प्रतिपूर्ती असे. त्याचा नमुना मजकडे आहे.

खरेदी_विभाग
सर मीटिंगमध्ये आहेत, साडेपाचला सुटतील. दारातच गाठतो. मेल ड्राफ्टमध्ये ठेवलाय. 'मोठा आधार वाटला'च्या जागी 'बरं वाटलं' केलंय, मी तसाच बोलतो. सीसीची चौकट रिकामी.

कॉर्पोरेट_कट्टा
प्लांट हेड तरी ठेवा हो.