मदत हवी आहे: एलएमचा उतार तोच, मग पैशाचा परिणाम वेगळा का?

एमएच्या परीक्षेसाठी आयएस-एलएम करतेय. पैशाची मागणी kY − hr, म्हणजे एलएमचा उतार k/h. क्लासमध्ये लिहून दिलंय की एलएम जितका उभा तितका सरकारी खर्चाचा उत्पन्नावरचा परिणाम कमी आणि पैसा वाढवल्याचा जास्त.

काल दादरवरून येताना वहीत आकडे मांडले. गुणक 2, गुंतवणुकीची व्याजसंवेदनशीलता 50, k = 0.5. h = 100 असताना 100 कोटी खर्चाने उत्पन्न 133 ने वाढतं, 100 कोटी पैशाने 67 ने. h = 25 केला तर बरोब्बर उलट, 67 आणि 133, इथपर्यंत नियम जुळतो.

मग h परत 100 ठेवून k = 2 घेतला, उतार तोच 0.02, खर्चाचा परिणामही तोच 67, पण पैशाचा फक्त 33! तीनदा तपासलं, गणित बरोबर आहे. आडवं सरकणं ΔM/k असतं, ते 200 वरून 50 वर आलं म्हणून असेल असं वाटतंय. किंमती स्थिर धरल्यात, तरलता सापळा नकोय.

तर पेपरात नुसतं ‘एलएम उभा आहे’ एवढंच दिलं असेल तर h कमी म्हणूनच उभा असं गृहीत धरून लिहायचं, की k ची केस वेगळी दाखवायची?