शब्दचर्चा : ‘अंतर्गत सेटअप’ आणि ‘बाह्य सेटअप’, मोल्डिंगच्या कारखान्यात अर्थ काय धरावा?

अनुवादिका, प्रतापनगर : हिंगणा एमआयडीसीतील एका प्लास्टिक मोल्डिंग कारखान्यासाठी मी मोल्ड बदलण्याच्या कामाचा तक्ता मराठीत करून देत आहे. मूळ तक्त्यात कामांचे दोन रकाने आहेत आणि त्यांना मी ‘अंतर्गत सेटअप’ व ‘बाह्य सेटअप’ अशी नावे दिली होती. पहिल्या पाळीतील मुलांनी तो भरून दिला तेव्हा रॅकमधून मोल्ड आणणे, क्रेनची वाट पाहणे, होज शोधणे ही सगळी कामे ‘अंतर्गत’मध्ये आली होती, आणि ‘बाह्य’मध्ये फक्त बाहेरच्या टूलरूमकडून करून घ्यायची मोल्डची दुरुस्ती होती. शब्द चुकला, की समजावून सांगण्यात कमी पडले, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त भाषाशिक्षक, धरमपेठ : ताई, शब्दांत दोष नाही, त्यांना संदर्भ दिलेला नाही एवढेच. ‘अंतर्गत’ म्हणताच ‘कशाच्या अंतर्गत’ हा प्रश्न येतो, आणि कामगारांनी त्याचे उत्तर ‘कारखान्याच्या’ असे धरले. तुम्ही ‘यंत्रांतर्गत’ आणि ‘यंत्रबाह्य’ असे शब्द योजले, तर जे काम यंत्राच्या आत होते ते एकीकडे आणि जे बाहेर होते ते दुसरीकडे, अशी विभागणी आपोआप स्पष्ट होईल.

उत्पादन अभियंता, बुटीबोरी : सरांचा संदर्भाचा मुद्दा बरोबर आहे, परंतु ‘यंत्राच्या आत’ ही कसोटी चालणार नाही, कारण ही विभागणी जागेची नसून वेळेची आहे. मशीन थांबवल्याशिवाय जे करताच येत नाही ते पहिल्या रकान्यात जाते, आणि आधीचा माल निघत असताना किंवा नवा माल सुरू झाल्यावर जे करता येते ते दुसऱ्या रकान्यात जाते. ही फोड जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी १९५० मध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कारखान्यात पाहणी करताना केली. तिथे एका मोठ्या प्रेसची डाय बदलायला घेतल्यावर बोल्ट सापडत नव्हता आणि तो मिळेपर्यंत प्रेस नुसती उभी होती. बोल्ट शोधण्याचे काम प्रेस चालू असतानाही उरकता आले असते. जपानी संज्ञांतही ‘उची’ म्हणजे आतले आणि ‘सोतो’ म्हणजे बाहेरचे असेच शब्द आहेत, तेव्हा हा घोटाळा केवळ मराठीच्या पदरी पडलेला नाही.

जागेची कसोटी कुठे फसते ते हॉपर ड्रायरवरून पाहा. एबीएस प्लास्टिकचा दाणा साधारण ८० अंशांवर २ ते ४ तास सुकवावा लागतो. ड्रायर मशीनच्या डोक्यावरच बसवलेला असेल, तर आधीचा दाणा संपेपर्यंत त्यात नवा भरता येत नाही, म्हणून सुकवण्याचा सगळा वेळ मशीन बंद ठेवून जातो. तोच ड्रायर जमिनीवर वेगळा उभा असेल, तर तेच काम आधीची ऑर्डर चालू असताना होऊन जाते. काम एकच असूनही सोयीप्रमाणे त्याचा रकाना बदलतो, आणि बंद मशीनवरचे काम चालू मशीनच्या वेळात ढकलणे हीच तर शिंगो यांच्या पद्धतीची पुढची पायरी आहे. त्यामुळे कामाला कायमची जात चिकटवणारा कोणताही शब्द मला इथे नको वाटतो.

छोटा कारखानदार, वाडी : आमच्याकडे चेंजओव्हरचा त्रास वेगळाच आहे. दुपारी ३ वाजता पहिली पाळी निघून जाते आणि दुसरी पाळी मशीनवर यायला वीस-पंचवीस मिनिटे लावते. त्यालाही याच तक्त्यात जागा द्यावी.

मोल्ड सेटर, हिंगणा : भाऊ, तुम्ही पाळीबदलाविषयी बोलत आहात आणि इथे मोल्ड बदलण्याची चर्चा चालू आहे. मात्र मोल्ड उतरवतानाच पाळी सुटली, तर नवा सेटर सगळे क्लॅम्प पुन्हा तपासतो आणि तो वेळ बंद मशीनच्याच खात्यात जातो, एवढा संबंध आहे.

ताई, आमच्या एका बदलाचा हिशेब मांडतो. २०० टनी मशीनवर काळे पीपी झाकण चालू होते आणि त्यानंतर पांढऱ्या एबीएसचे कव्हर लावायचे होते. शेवटच्या चांगल्या झाकणापासून पहिल्या चांगल्या कव्हरपर्यंत ११० मिनिटे गेली. मोल्ड व क्रेन आणण्यात १५, जुना मोल्ड उतरवून नवा बसवण्यात २०, पाण्याच्या होज जोडण्यात १०, मोल्ड तापवण्यात २५, बॅरल पर्ज करण्यात म्हणजे त्यातले जुने प्लास्टिक बाहेर काढण्यात २०, आणि ट्रायल शॉट काढून क्वालिटीची मंजुरी मिळवण्यात २०, अशी ती विभागली होती. दाणा वेगळ्या ड्रायरमध्ये आधीच सुकवलेला होता, नाहीतर हिशेब तासांत गेला असता.

यातली पहिली १५ मिनिटे पूर्ण वाचली, कारण आता जुनी ऑर्डर संपायच्या आत मोल्ड मशीनशेजारी येऊन थांबतो. मोल्ड आता बाहेर टेंपरेचर कंट्रोलरला जोडून ६० अंशांपर्यंत तापवून ठेवतो, पण ते २५ शून्यावर आले नाहीत. क्रेनवर असताना तो निवतो आणि मशीनच्या ज्या पाटावर बसतो त्या गार प्लेटनला टेकल्यावर आणखी उष्णता सोडतो, त्यामुळे मशीनवर बसवल्यावरही ८ मिनिटे द्यावीच लागतात, जानेवारीच्या सकाळी त्याहून जास्त. गरम मोल्डला हात लावायचा म्हणून हातमोजे आणि बरोबर दुसरा माणूसही लागतो. होजना क्विक कपलिंग लावल्याने १० चे ४ झाले, पण हे काम बंद मशीनच्या रकान्यातच राहिले, फक्त लहान झाले. मर्यादा-नमुना आणि गेज आधीच टेबलावर आणून ठेवल्याने मंजुरीतली ५ मिनिटे गेली. सगळे मिळून ६७ मिनिटांवर आलो.

अनुवादिका : दादा, हे ऐकून रकान्यांची नावे ‘मशीन बंद ठेवून करायचे’ आणि ‘मशीन चालू असताना करायचे’ अशी सरळ वाक्यांत द्यावीत असे वाटू लागले आहे. मग पर्जिंग कुठे लिहायचे?

मोल्ड सेटर, हिंगणा : बंद रकान्यात, कारण माल निघत नाही. काळ्यावरून पांढऱ्यावर येताना ते घाईत उरकले, तर तासाभराने कव्हरवर काळी रेघ उमटते. शिवाय पीपी आणि एबीएस एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून बॅरलमध्ये पीपी राहिले असेल तर गेटजवळ पापुद्रे सुटतात. नखाने खरवडून पाहिले की कळते.

उत्पादन अभियंता, बुटीबोरी : आमच्याकडे इंजेक्शन युनिट मागे घेऊन एक जण पर्ज करतो आणि त्याच वेळी दोघे मोल्ड उतरवतात. काम बंद मशीनचेच असते, तरी ते दुसऱ्या कामाखाली झाकले जाते आणि एकूण वेळ कमी होतो. अशा कामांना ‘समांतर’ म्हणून तिसरा रकाना द्यावा.

मोल्ड सेटर, हिंगणा : सर, हे मला मान्य नाही. प्लेटनमध्ये माणसाचे हात असताना मोटर बंद हवी, आणि मोटर बंद असेल तर स्क्रू फिरणार कसा? दार उघडे असताना इंटरलॉक बायपास करून पर्ज केले, तर वितळलेला गोळा उडून अंगावर येऊ शकतो.

उत्पादन अभियंता, बुटीबोरी : बायपास आम्हीही करू देत नाही. आमच्या मशीनला पर्ज गार्ड वेगळा आहे, क्लॅम्पची हालचाल स्वतंत्रपणे बंद करता येते आणि मशीन बनवणाऱ्याने तशी लेखी मुभा दिली आहे. तुमच्या मशीनला ती सोय नसेल, तर आधी पर्ज आणि नंतर मोल्ड, हाच क्रम बरोबर.

निवृत्त भाषाशिक्षक, धरमपेठ : मग ‘यंत्रांतर्गत’ मी मागे घेतो. ‘बंदकाम’ आणि ‘चालूकाम’ हे जोडशब्द कसे वाटतात? फळ्यावर लिहायला लांब वाक्यांपेक्षा सोपे पडतील.

मोल्ड सेटर, हिंगणा : ‘बंदकाम’ म्हटले की आमची पोरे काम बंद पाडले असे समजतील, सर.

अनुवादिका : तूर्त वाक्येच ठेवते. ‘समांतर’ हा तिसरा रकाना या कारखान्याच्या तक्त्यात घालत नाही. तिथल्या मशीनना पर्ज गार्डची वेगळी सोय आहे का, हे मेंटेनन्सकडून आधी लेखी मागवते.