मार्जिन रिपोर्टात विक्री शून्य असेल तर टक्क्याच्या जागी काय दाखवायचं?

सांगली_एजन्सी: शेती औषधांची एजन्सी आहे आमची. मार्जिनचा रिपोर्ट एक्सेलमधून पॉवर बीआयमध्ये नेला. आधी `#DIV/0!` यायचं, आता काही ओळींत `-Infinity` आणि काहींत `NaN` येतंय. मालक म्हणतात, तिथं शून्य टाक आणि मोकळा हो. टाकू का?

पलूसचा_पोरगा: टाका की, त्यात काय एवढं! `DIVIDE` वापरा, तिसऱ्या जागी 0 लिहा. दोन मिनिटांचं काम. मालकाला स्क्रीन स्वच्छ दिसल्याशी मतलब.

कृष्णाकाठ: नका टाकू. ०% मार्जिन म्हणजे ज्या भावानं घेतला त्याच भावानं माल विकला. तुमच्याकडं तसं काही घडलेलंच नाही.

आणि त्या दोन खुणा वेगळ्या का येतात ते बघा. `NaN` म्हणजे विक्रीही शून्य आणि मार्जिनही शून्य, म्हणजे त्या ओळीत काहीच झालं नाही. `-Infinity` म्हणजे विक्री शून्य, पण खर्च पडलाय. माल गोदामातून गेला, पैसे आले नाहीत. ही ओळ झाकायची नसते, उघडून बघायची असते. दोन्हींवर एकच शून्य टाकलं की हा फरकच पुसला जातो.

हिशेबात_कच्चा: मला पण असंच येतं, आख्ख्या कॉलमभर `#####`. कॉलम रुंद केला की जातं. करून बघा.

कृष्णाकाठ: दादा, ते वेगळं. तिथं आकडा बरोबर असतो, फक्त मावत नाही.

पलूसचा_पोरगा: मग मालकाला काय, `-Infinity` दाखवायचं? सकाळी सहाला फोन येईल की ओ. आणि एका ओळीच्या शून्यानं एवढं काय बिघडतं?

कृष्णाकाठ: खालच्या बेरजेत बिघडतं. तीन ओळी धरा. पहिली: विक्री १,००,०००, खर्च ८५,०००, मार्जिन १५%. दुसरी: विक्री ४०,०००, खर्च ३२,०००, मार्जिन २०%. तिसरी स्कीमचा फुकट माल: विक्री ०, खर्च ६,०००. तिसरीत शून्य टाकून टक्क्यांची सरासरी काढली तर ११.६७ येते. रिकामी सोडून काढली तर १७.५. दोन्ही चूक, कारण टक्क्यांची सरासरी काढायचीच नसते. एकूण विक्री १,४०,०००, एकूण खर्च १,२३,०००, मार्जिन १७,००० म्हणजे १२.१४%.

आणि "विक्री शून्य असलेल्या ओळी फिल्टरनं काढून टाकू" म्हणाल, तर आकडा १६.४३% होतो. सहा हजार गेले कुठं, हे कुणी विचारणारच नाही.

म्हणून सूत्र एवढंच ठेवा, तिसरी जागा लिहूच नका:

```
Margin % = DIVIDE([Sale] - [Cost], [Sale])
```

टक्का रिकामा राहील, पण शेजारी रुपयांतलं मार्जिन ठेवा, म्हणजे उणे ६,००० डोळ्यांत भरेल. तिसऱ्या जागी 0 लिहिलंत तर आणखी एक गंमत: ज्या डीलरनं जे औषध कधी नेलंच नाही, त्याचीही ०% ची ओळ उगवते. तासगावच्या एका डीलरखाली अख्खी औषधांची यादी येईल.

पलूसचा_पोरगा: ते उगवायचं खरंय, मी त्या ओळी हातानं लपवत बसलो होतो. पण मालकाला रिकामी जागा दिसली की "डेटा आला नाही" वाटतं, त्याचं काय?

मिरजेचं_हार्डवेअर: आमच्याकडं शून्याचा नाही, परत आलेल्या मालाचा घोळ. गेल्या महिन्यात पाइप विकले, या महिन्यात परत आले. विक्री उणे ५,०००, खर्च उणे ४,०००, मार्जिन उणे १,०००. टक्का आला अधिक २०! भाचा म्हणाला, मामा, भारी मार्जिन. तुमचं ते सूत्र हे कुठं पकडतं?

कृष्णाकाठ: नाही पकडत. उण्याला उण्यानं भागलं तर अधिकच येणार. विक्री शून्याहून जास्त असेल तरच त्या ओळीचा टक्का दाखवा. एकूण बेरजेत मात्र परत आलेला माल असू द्या.

निवृत्त_लेखापाल: तुम्ही सगळे दाखवायचं कसं यावर भांडताय. मुळात दहा पेट्यांवर एक फुकट दिली तर तिची वेगळी ओळ का? अकरा पेट्यांचा खर्च दहाच्या बिलात धरा. शून्य विक्री उरणारच नाही.

कृष्णाकाठ: काका, मग स्कीमवर किती गेले ते कळणार कसं? मला वेगळी ओळच बरी वाटते.

निवृत्त_लेखापाल: मला नाही वाटत. तो माल विकलेल्या मालाचाच भाग आहे. वेगळा ठेवलात तर विकलेल्या औषधाचं मार्जिन उगाच फुगून दिसतं.

सांगली_एजन्सी: आत्ता उघडून बघितलं. `-Infinity` च्या ११ ओळी आहेत. ९ स्कीमच्या. उरलेल्या २ मध्ये चलन निघालंय, माल कवठे महांकाळला पोचलाय, पण बिल करायचंच राहिलंय. शून्य टाकायचं मालकांच्या डोक्यातून गेलंय, आता ते बिल कुणाकडून राहिलं ते विचारतायत.