मदत हवी आहे: कांटच्या दोन कसोट्या नेमक्या कुठे वेगळ्या पडतात?

पेठेतला_भाडेकरू
सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत नीतिशास्त्राच्या पेपरची तयारी करतोय, कांटवर अडलोय. समजा रूममेटकडून ५,००० रुपये घेतले, 'एक तारखेला देतो' म्हणालो, आणि देणं जमणार नाही हे मला आधीच ठाऊक आहे. सगळेच असं वागले तर शब्दावर कुणी पैसे देणारच नाही, म्हणून सार्वत्रिक नियमाच्या कसोटीवर नापास. माणसाला नुसतं साधन केलं, म्हणून दुसरीवरही नापास. उत्तर एकच, मग दोन कसोट्या कशाला?

कोथरूडकर
दुसरी सोपी आहे. कुणाचा वापर करायचा नाही, बस्स.

निवृत्त_मास्तरीण
वापर आपण रोज करतो हो. खानावळीतल्या मावशींचा नाही का करत? माणसाला 'केवळ' साधन करू नका, असं कांट म्हणतो; तो 'केवळ' हा शब्द गाळू नका. आपण कशासाठी आलोय ते मावशींना माहीत असतं, नको असेल तर त्या नाही म्हणू शकतात. रूममेट नेमकं कशाला हो म्हणतोय, हेच तुम्ही त्याला कळू दिलेलं नाही. पहिली कसोटी तुमच्या सूत्राकडे, म्हणजे तुम्ही ज्या नियमाने वागताय त्याकडे बघते, दुसरी रूममेटकडे.

दोन्ही फाकतात ते इथे. मैत्रीण तुमच्या खोलीत लपलीय. तिला मारायला आलेला माणूस दारात 'मी तिचा भाऊ' म्हणतो. तुम्ही त्याला ओळखलंय, तरी सांगता, 'ती गावी गेली.' अशा माणसाशी सगळेच खोटं बोलतात असा नियम झाला, तरी तुमचं खोटं खपेल, कारण आपण ओळखले गेलोय हे त्याला माहीतच नाही. म्हणजे पहिलीत पास. दुसरीत मात्र नापास, कारण त्याला नकळत वळवलंत. त्याच्या संमतीला जागाच नव्हती. हा युक्तिवाद अमेरिकन तत्त्वज्ञ क्रिस्टीन कोर्सगार्ड यांचा, १९८६चा.

डिपॉझिट_अडकलंय
माझ्या जुन्या घरमालकाने ३०,००० दाबलेत. त्यानेही मला साधनच केलं ना? तक्रार कुठे करू?

निवृत्त_मास्तरीण
तक्रारीचं वकिलाला विचारा. पण पैसे घेतानाच परत न करायचं ठरलं होतं, की नंतर नियत फिरली? पहिलं असेल तर ते वरच्या ५,०००सारखंच.

पेठेतला_भाडेकरू
मग दारातल्या माणसाशी खोटं बोलायचं की नाही?

निवृत्त_मास्तरीण
कांट १७९७ च्या लेखात नाहीच म्हणतो. कोर्सगार्डना ते मान्य नाही: पहिली कसोटी ही किमान पायरी, दुसरी हा आदर्श, आणि दुष्टाशी गाठ पडली की आदर्श बाजूला ठेवता येतो. मला हे पूर्ण पटत नाही. कांटच्या मते ही एकाच नियमाची वेगवेगळी रूपं. मग एक ढिलं, एक कडक कसं?

कोथरूडकर
पण बाई, भाऊ असल्याची थाप आधी त्याने मारली. संमतीचा हक्क त्याला उरतो का?

निवृत्त_मास्तरीण
मैत्रिणीला विचारलंत तर नाही म्हणेल. कांटला विचारलंत तर माणूसपण गुन्ह्याने गळून पडत नाही. पेपरात दोन्ही लिहा, मी तरी अजून ठरवलेलं नाही.