मदत हवी आहे : बॉयलर अटेंडंटच्या जाहिरातीत कोणतं प्रमाणपत्र 'आवश्यक', कोणतं 'प्राधान्य'?

नमस्कार मंडळी. आमच्या दूध डेअरीत बॉयलर अटेंडंट भरायचा आहे, जाहिरात मी लिहितेय.

मागच्या वेळी बॉयलर अटेंडंटचं सक्षमता प्रमाणपत्र, आयटीआय फिटर, प्रथमोपचार आणि एमएस-सीआयटी, सगळं 'आवश्यक' मध्ये टाकलं होतं. अर्ज आले दोन. नंतर कळलं की शेजारच्या कारखान्यातल्या, चौदा वर्षं बॉयलर चालवणाऱ्या एका काकांनी एमएस-सीआयटी नाही म्हणून अर्जच केला नाही. मला फार वाईट वाटलं.

या वेळी प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारतेय: हा नसेल तर माणूस पहिल्या दिवशी कायद्याने पाळीवर उभा राहू शकतो का? सक्षमता प्रमाणपत्राशिवाय नाही, म्हणून ते 'आवश्यक'. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र पाळीतल्या दुसऱ्या दोघांकडे आहे, याला रुजू झाल्यावर प्रशिक्षण देता येईल, म्हणून 'प्राधान्य'. लॉगबुक आम्ही हातानेच भरतो, तेव्हा एमएस-सीआयटी काढूनच टाकलं.

अडलंय दोन ठिकाणी. दुसऱ्या वर्गाच्या प्रमाणपत्रावर ठरावीक तापन पृष्ठभागापर्यंतचाच बॉयलर सांभाळता येतो. आमचा आज त्यात बसतो, पण पुढच्या वर्षी मोठा घ्यायचं चाललंय. मग पहिला वर्ग आत्ताच 'आवश्यक' करू, की 'प्राधान्य' ठेवून पुढची परीक्षा द्यायला मदत करू? आणि आयटीआय फिटर 'किंवा इतक्या वर्षांचा अनुभव' असं लिहिलं, तर अनुभव पडताळता कसा?

ज्यांनी अशी भरती केलीय त्यांनी कृपया सांगा. मसुदा शुक्रवारी द्यायचाय.