हेक्टरचे एकर करताना अर्धा एकर वाढतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. न्यूझीलंडमध्ये माझ्या थोरल्या भावाचं शेत आहे, ते विकायला काढलंय. जाहिरात मी लिहितेय. तिथल्या मालकीपत्रावर क्षेत्र 16.3392 हेक्टर आहे. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी एकरही द्यायचे आहेत. दलालाने सरळ अडीचने गुणून 40.85 एकर लिहिले. मी 2.47105 ने गुणलं तर 40.375 आले. फरक जवळजवळ एकोणीस गुंठ्यांचा, म्हणजे एवढी जमीन कागदावर नसताना विकल्यासारखं होईल!

पडताळ्याला जुना कागद काढला. त्यावर ४०-१-२० असं लिहिलंय: एकर, रूड, पर्च. चार रूडचा एकर, चाळीस पर्चचा रूड. म्हणजे 40 + 0.25 + 0.125, बरोबर 40.375. आपल्याकडच्या सवयीने मी आधी 'चाळीस एकर एक गुंठा' वाचलं होतं. पण एक रूड म्हणजे दहा गुंठे.

आता प्रश्न असा: जाहिरातीत 16.3392 हेक्टर आधी लिहून पुढे 'सुमारे 40.4 एकर' लिहावं, की 40.37? वर गोल केलेला आकडा खरेदीदार नंतर अंगावर आणतो का? परदेशात जमीन विकलेल्यांनी कृपया सांगा, शुक्रवारपर्यंत मजकूर द्यायचाय.