ॲडमिनने म्यूट केल्यावर दाद कोणाकडे मागायची, आणि कारण कळण्याचा हक्क सदस्याला आहे का?

वाटसरू (धागाकर्ता)
टेलिग्रामवरील एका मोठ्या अभ्यासाच्या ग्रुपमध्ये मी जुन्या प्रश्नपत्रिकांची लिंक दिली आणि त्यानंतर मला तिथे एक अक्षरही लिहिता येईना. कोणी कारण सांगितले नाही, मुदतही कळवली नाही. ग्रुप सोडून पुन्हा सामील झालो, तरी स्थिती तीच आहे. लिहिण्याची परवानगी परत कशी मिळवावी, आणि कारण न देता सदस्याला असे गप्प करणे योग्य आहे का?

निर्भीड
मुळीच योग्य नाही. ज्याला शिक्षा होते त्याला आरोप कळला पाहिजे, एवढी साधी अपेक्षा आहे. अशा ॲडमिनच्या विनवण्या करण्यापेक्षा सरळ टेलिग्रामकडे जावे. ॲपमध्ये @SpamBot शोधा, त्याला `/start` पाठवा आणि तक्रार नोंदवा. माझ्या एका मित्राचे बंधन याच मार्गाने उठले. तेही जमले नाही तर दुसऱ्या नंबरवरून खाते उघडून सामील व्हावे.

दीपस्तंभ
मी बरीच वर्षे असे ग्रुप सांभाळतो, म्हणून सविस्तर लिहितो. निर्भीड यांचा सल्ला अर्धा उपयोगी आहे. @SpamBot फक्त टेलिग्रामने स्वतः तुमच्या खात्यावर घातलेल्या बंधनाविषयी बोलतो. अनेकांनी तुमच्या संदेशांना स्पॅम म्हणून कळवले की टेलिग्राम असे बंधन घालते, आणि मग तुम्हाला कोणत्याही सार्वजनिक ग्रुपमध्ये लिहिता येत नाही, तसेच अनोळखी माणसाला आपणहून पहिला संदेशही पाठवता येत नाही. मित्राचे बंधन बहुधा या जातीचे असावे. एखाद्या ग्रुपच्या ॲडमिनने केलेल्या कारवाईत हा बॉट हात घालत नाही. तरीही त्याला आधी विचारावे, कारण त्याच्या उत्तरावरून आपण कोणाचे दार ठोठवायचे ते ठरते. खात्यावर कोणतीही मर्यादा नाही असे त्याने सांगितले, तर मामला त्या ग्रुपपुरता आहे. मर्यादा आहे असे सांगितले, तर ॲडमिनला कितीही पटवून द्या, बंधन उठवणे त्याच्या हातात नसते. शिवाय अशा वेळी ॲडमिन तुमच्या ओळखीचा नसेल, तर त्याला लिहिलेला संदेश जातच नाही. पुष्कळ जण इथेच फसतात आणि ॲडमिन उत्तर देत नाही म्हणून चिडतात.

दुसरी खूण म्हणजे मजकूर लिहिण्याच्या चौकटीच्या जागी दिसणारी ओळ. ॲडमिनने तुमच्यावर मर्यादा घातल्याचे तिथे लिहिलेले असेल आणि पुढे तारीख असेल, तर त्या तारखेला बंधन आपोआप सुटते. तारीख नसेल, तर कोणीतरी उठवेपर्यंत ते कायम राहते. या ग्रुपमध्ये संदेश पाठवण्याची परवानगी नाही एवढेच लिहिलेले असेल, तर बहुधा लिहिणे सर्वांसाठीच बंद ठेवलेले असते आणि तुमच्यावर वैयक्तिक कारवाई झालेली नसते. सोडून पुन्हा सामील होण्याचा उपयोग होत नाही, कारण बंधन तुमच्या खात्याच्या नावावर नोंदलेले असते आणि तुम्ही बाहेर गेलात तरी ती नोंद पुसली जात नाही.

दुसऱ्या नंबरचा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही. आज तुमची बाजू खरी असेलही, पण नव्या खात्याने आत शिरलेला माणूस ओळखू आला की ॲडमिनच्या लेखी तो स्पॅम करणाऱ्यांच्या रांगेत बसतो, आणि मूळ खात्यासाठी केलेली विनंती मग कोणी वाचत नाही.

सुमनांजली
आमच्या जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही मला असेच गप्प केले गेले. एका वादानंतर ॲडमिनने मला काढून टाकले. जुन्या लिंकवरून जायचा प्रयत्न केला, तर तुम्हाला काढलेले असल्यामुळे सामील होता येणार नाही असे उत्तर येते. इतक्या वर्षांच्या मैत्रीत कोणी विचारणाही केली नाही, याचे फार वाईट वाटते. मीही टेलिग्रामच्या त्या बॉटला लिहू का?

दीपस्तंभ
सुमनांजली, टेलिग्रामच्या बॉटचा व्हॉट्सॲपशी काही संबंध नाही. ॲडमिनने काढलेल्या सदस्याला तिथे लिंकवरून परत येता येत नाही, कोणत्या तरी ॲडमिनने स्वतः पुन्हा सामील करून घ्यावे लागते. ग्रुपला एकाहून अधिक ॲडमिन असतील, तर ज्यांच्याशी तुमचे बरे आहे त्यांना फोन करावा. त्या वादाचा निवाडा फोनवर मागू नका, फक्त पुन्हा सामील करून घेण्याविषयी बोला.

तर्कसंगत
तांत्रिक माहितीबद्दल आभार, परंतु प्रश्नाचा दुसरा भाग मागे पडला आहे. टेलिग्रामवर सदस्यावर बंधन घालताना ॲडमिनला एक दिवस, एक आठवडा, एक महिना किंवा कायमचे असे पर्याय मिळतात. म्हणजे मुदत ठरवणे ही बोटाच्या एका स्पर्शाची बाब आहे. तरीही घाईत ‘कायमचे’ निवडले जाते, त्या सदस्याची आठवण पुन्हा कोणाला होत नाही आणि एका लिंकची शिक्षा जन्मठेपेसारखी चालू राहते. माझे स्पष्ट मत असे आहे की पहिल्या चुकीला मुदतीचेच बंधन असावे आणि सोबत एक वाक्याचे कारण द्यावे. ज्याला हे करायला वेळ नाही, त्याने ॲडमिनपद दुसऱ्याकडे द्यावे.

दीपस्तंभ
मुदतीबद्दल मी पूर्ण सहमत आहे. कारणाबद्दल मात्र नाही. लिंक टाकणाऱ्यांपैकी बरेच जण जाहिरातदार असतात. कोणत्या शब्दामुळे किंवा कोणत्या पत्त्यामुळे ते पकडले गेले हे सांगितले, की पुढच्या वेळी तेवढाच बदल करून ते परत येतात. ग्रुपमध्ये जाहीर कारण दिले, तर दिवसभर त्यावरच चर्चा रंगते आणि ज्या विषयासाठी लोक जमले तो बाजूला राहतो. विचारणा करणाऱ्याला खासगीत कारण सांगावे, हे मला मान्य आहे. पण प्रत्येकाला न विचारता सांगावे, हा आग्रह मोठ्या ग्रुपमध्ये निभत नाही.

तर्कसंगत
सदस्याने विचारायचे कोणाला? ॲडमिन निनावी राहून लिहितात, तेव्हा संदेशावर ग्रुपचेच नाव दिसते. ज्याने रोखले तो माणूस कोण हेच कळत नाही. खासगीत कारण देऊ, पण कोण देणार ते सांगणार नाही, ही व्यवस्था मला न्याय्य वाटत नाही.

ओंजळ
माणसाने रोखले असेल असे दोघेही गृहीत धरत आहात. मोठ्या ग्रुपमध्ये बहुतेक वेळा हे काम बॉट करतो. काही ठिकाणी नवा सदस्य आला की बॉट त्याला लगेच म्यूट करतो आणि ‘मी माणूस आहे’ अशा अर्थाचे बटण दाबल्यावरच लिहू देतो. तो संदेश वर निघून गेला आणि बटण दाबायचे राहिले, तर माणूस गप्पच राहतो आणि ॲडमिनला त्याचा पत्ताही नसतो. रोझ नावाचा बॉट वापरणारे अनेक ग्रुप मिळून आपला संघ करतात. त्यातील एकाच्या संघ-ॲडमिनने संघाच्या यादीत तुमचे नाव बंदीसाठी घातले, की ती बंदी संघातील सर्व ग्रुपना लागू होते. आपण अशा यादीत आहोत का, हे त्या बॉटला खासगीत विचारता येते:

```
/fedstat
```

नाव निघाले, तर दाद संघ चालवणाऱ्यांकडे मागावी लागते.

वाटसरू (धागाकर्ता)
@SpamBot म्हणतो की खात्यावर कोणतीही मर्यादा नाही. ओळीत तारीख नाही. संघाच्या यादीत माझे नाव नाही. तीच लिंक मी त्या सकाळी चार वेगवेगळ्या ग्रुपमध्ये टाकली होती, पण बाकी तिन्ही ठिकाणी लिहिता येते. आता ॲडमिनला नेमके काय लिहावे?

दीपस्तंभ
म्हणजे दार एकच उरले. सदस्यांच्या यादीत ज्यांच्या नावापुढे ॲडमिनची खूण आहे, त्यांपैकी मालकाला लिहिणे उत्तम, कारण सदस्यांवरील बंधन घालण्याचा आणि उठवण्याचा अधिकार प्रत्येक ॲडमिनकडे असतोच असे नाही. शक्य असेल तर आजच लिहा. ॲडमिनना दिसणाऱ्या Recent Actions या नोंदीत कोणाला कोणी रोखले आणि कोणता संदेश पुसला हे सापडते, पण ती नोंद फक्त 48 तासांची असते. त्यानंतर लिंक नक्की कशाची होती हे तपासायला त्यांच्याकडे काही उरत नाही, केवळ तुमचा शब्द उरतो.

मजकूर छोटा ठेवा. तुमचे वापरकर्तानाव, ग्रुपचे नाव, संदेशाची अंदाजे वेळ आणि लिंक कशाची होती एवढे पुरे. Permissions मधील Exceptions या यादीत माझे नाव असल्यास पाहावे, असे जरूर लिहा. म्यूट केलेले लोक त्या यादीत असतात आणि हाकलून दिलेले Removed Users मध्ये. ॲडमिनने चुकीची यादी उघडली की तुमचे नाव तिथे नाही, म्हणजे बंधनही नाही, असे उत्तर येते आणि दोन्ही बाजूंना वाटते की समोरचा खोटे बोलतो.

वाटसरू (धागाकर्ता)
मालकांचे उत्तर रात्री आले. थोड्या वेळात अनेक ग्रुपमध्ये फिरणारी लिंक बॉटच्या नियमात अडकली होती आणि त्यांनी स्वतः मला रोखलेच नव्हते. मजकूर लिहिण्याची परवानगी त्यांनी लगेच दिली, फोटो आणि फाइल मात्र महिनाभर बंद ठेवल्या आहेत. कारण विचारल्यावर, नव्या सदस्यांसाठी हीच पद्धत आहे, असे सांगितले. मी त्या ग्रुपमध्ये नवा नाही, पण सोडून पुन्हा आल्यामुळे कदाचित तसा धरला गेलो असेन.

निर्भीड
एवढी खटपट केल्यावर अर्धीच परवानगी मिळाली, तीही सदस्याने स्वतः शोधाशोध केली म्हणून. ज्याला या याद्यांची नावे ठाऊक नाहीत, तो गप्पच राहणार. दुसऱ्या खात्याचा सल्ला मी मागे घेतो, पण माझा मूळ आक्षेप कायम आहे.

तर्कसंगत
माझाही आक्षेप कायम आहे, फक्त त्याचा रोख बदलला. बॉटने रोखले, तर बॉटनेच त्या क्षणी सदस्याला मुदत आणि दाद मागण्याचे नाव कळवावे. ज्या नियमात सदस्य अडकला तो शब्दशः सांगितला नाही तरी चालेल. दीपस्तंभ, जाहिरातदार शहाणे होतील हा तुमचा मुद्दा इथे लागू पडत नाही.

दीपस्तंभ
मुदत आणि नाव कळवायला माझी हरकत नाही, माझ्या ग्रुपच्या बॉटमध्ये तसा मजकूर घालता येतो का ते पाहतो. पण नाव जाहीर झाले की त्या माणसाच्या खासगी खात्यावर दिवसरात्र शिवीगाळ येते, हे मी सहकाऱ्यांच्या बाबतीत पाहिले आहे. त्यासाठी वेगळे खाते ठेवावे लागेल आणि ते रोज उघडणारा कोणी तरी लागेल. तो माणूस कुठून आणायचा, याचे उत्तर माझ्यापाशी अजून नाही.